आकृत्या गळालेला बुद्धिमत्तेचा पेपर

“प्रश्नचिन्हाच्या जागी येणारी योग्य आकृती निवडा. (१) (२) (३) (४). उत्तर : ३.”

माझी भाची पाचवीत आहे आणि नवोदयच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेला बसणार आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत फिरत तिच्यापर्यंत पोचलेल्या सराव-संचात असे चाळीस प्रश्न होते आणि चाळीसच्या चाळीस असेच, आकृत्यांशिवाय. कंसातले आकडे जागेवर, शेवटी उत्तरांचा तक्ता जागेवर, आणि मध्ये जिथे चित्रं हवीत तिथे कोरी जागा. तिने फोन करून विचारलं, “मामा, हे कसं सोडवायचं?” हे सोडवायचं नसतं, हे माझं पहिलं उत्तर. पण फोनवर बोलता बोलता लक्षात आलं की हे उत्तर अर्धंच खरं आहे. चित्र गेलं म्हणजे प्रत्येक वेळी सगळंच जातं असं नाही. कोणत्या प्रकारच्या प्रश्नातून नेमकं काय जातं, हे एकदा कळलं की काही प्रश्न शब्दांत पुन्हा उभे करता येतात. काही मात्र येत नाहीत.

नवोदयचा पेपर याला अगदी टोकाचं उदाहरण आहे. त्यातल्या मानसिक क्षमता चाचणीत ४० प्रश्न असतात, ५० गुणांचे, आणि ते सगळे आकृत्यांचे. दहा भाग, प्रत्येक भागात चार प्रश्न. भागाच्या सुरुवातीला एक सूचना येते आणि तिच्याखाली नुसती चित्रं. एका भागात आकृत्यांची मालिका, एकात आरशातली प्रतिमा, एकात घडी घालून छिद्र पाडलेला कागद. त्यातल्या आकृत्या काढून टाकल्या तर चाळीस प्रश्नांच्या जागी दहा सूचना उरतात. शिष्यवृत्तीच्या पेपरची अवस्था इतकी वाईट होत नाही. तिथल्या बुद्धिमत्ता चाचणीत सांकेतिक भाषा, नातेसंबंध, दिशा, संख्यामालिका असे शब्दांचे आणि आकड्यांचे प्रश्नही असतात, ते टिकतात.

आकृत्या गळतात कशा, तेही पाहू. पीडीएफच्या पानावर अक्षरं वेगळी साठवलेली असतात आणि चित्रं, रेघा, वर्तुळं वेगळी. पान निवडून मजकूर कॉपी केला की फक्त अक्षरं उचलली जातात. पुढे तोच मजकूर कुणी दुसऱ्या ठिकाणी चिकटवतो, तिसरा त्याची पुन्हा पीडीएफ करतो. पानावर “खालील आकृतीत” हे शब्द जसेच्या तसे राहतात, खाली आकृती नसते, आणि मधल्या कुणीही प्रश्न वाचलेलाच नसतो.

याला एक मजेशीर अपवाद आहे. काही जण मालिकेतले ठिपके आणि चौकोन चित्र म्हणून काढत नाहीत, चिन्हांच्या फाँटमध्ये टाइप करतात. विंगडिंग्ज नावाच्या फाँटमध्ये `l` दाबलं की भरीव गोल उमटतो, `n` दाबलं की भरीव चौकोन, `u` दाबलं की पत्त्यांतल्या चौकटसारखा भरीव आकार. असा मजकूर कॉपी झाला आणि फाँट हरवला की मराठी प्रश्नाच्या मधोमध `n l n n l l` अशी निरर्थक अक्षरं दिसतात. लोक ती कचरा समजून पुसतात. ती पुसू नका, तीच आकृती आहे. ती अक्षरं निवडून फाँट विंगडिंग्ज करून बघा : चौकोन, गोल, चौकोन, चौकोन, गोल, गोल. अर्थात हे केवळ टाइप केलेल्या चिन्हांपुरतं खरं आहे. चित्र म्हणून टाकलेली आकृती अशी परत येत नाही.

उत्तरतक्त्यातला “३” मात्र काहीच परत देत नाही. तिसऱ्या पर्यायात काय होतं हे माहीत नसताना तो तिसरा होता एवढंच कळून उपयोग नाही. भाचीने आधी तेच केलं होतं. सूचना वाचायची, तक्ता बघायचा, “३” लिहायचं, आणि पुढचा प्रश्न. चाळीसपैकी चाळीस बरोबर, आणि शिकली काहीच नाही.

तिच्या वर्गातल्या एका मुलीकडे तोच संच छापील होता. आम्ही असं ठरवलं की भाचीने संध्याकाळी मैत्रिणीच्या घरी जायचं, तिथून मला फोन लावायचा आणि आकृती तोंडी सांगायची. मी इकडे गणिताच्या चौकोनी रकान्यांच्या वहीत ती उतरवायची. दोघांकडे सारखी वही, आठ घरं रुंद आणि आठ घरं उंच असा एक मोठा चौकोन आखलेला.

घडीचा कागद : शब्द पुरतात

सुरुवात घडीपासून केली, कारण तोंडी सांगायला हा सर्वांत सोपा प्रकार निघतो. ऐकायला विचित्र वाटेल. परीक्षेत मुलं पुष्कळदा इथे अडखळतात. पण घडीचा प्रश्न म्हणजे मुळात एक हिशेब आहे. कागद कुठे दुमडला आणि छिद्र कुठे पाडलं एवढं कळलं की उघडलेल्या कागदावर काय दिसणार हे ठरलेलंच असतं. पर्याय बघावेच लागत नाहीत.

ती म्हणाली, “मामा, चौकोनी कागद आहे. उजवी बाजू डावीवर दुमडलीय. मग वरची खाली. मग तिरका दुमडलाय आणि त्रिकोण झालाय. त्यात एक भोक आहे.”

यातून प्रश्न जवळजवळ उभा राहतो, पण पूर्ण नाही. उजवी बाजू डावीवर, हे तिने नीट सांगितलं. “मधून दुमडला” एवढंच सांगितलं असतं तर कागदाचा कोणता अर्धा भाग समोर उरला हे कळलं नसतं. “तिरका दुमडला” मध्ये मात्र तीच अडचण होती. चौकोनाला कर्ण दोन असतात. मी विचारलं, “कोणता कोपरा कोणत्या कोपऱ्यावर आणलाय?” ती म्हणाली, “वरचा डावा, खालच्या उजव्यावर.” आता पक्कं झालं. छिद्राची जागा तिने घरं मोजून सांगितली : डाव्या कडेपासून तीन घरं, खालच्या कडेपासून एक घर. आपण हे (३, १) असं लिहू. पहिला आकडा डावीकडून, दुसरा खालून.

आता घड्या उलट्या क्रमाने उघडायच्या. शेवटची घडी आधी उघडायची, हे विसरलं की सगळं चुकतं. प्रत्येक घडी उघडताना आतापर्यंतच्या प्रत्येक छिद्राला घडीच्या रेघेपलीकडे एक जुळं छिद्र मिळतं, रेघेपासून तितक्याच अंतरावर.

तिसरी घडी तिरकी होती. तिची रेघ खालच्या डाव्या कोपऱ्यातून वर उजवीकडे जाते. अशा रेघेपलीकडचं जुळं काढायला दोन आकड्यांची अदलाबदल करायची. (३, १) चं जुळं (१, ३). आता छिद्रं दोन.

दुसरी घडी आडवी. कागद आठ घरं उंच, म्हणून खालून एक घरावर असलेल्याचं जुळं खालून सातव्यावर, आणि तिसऱ्यावर असलेल्याचं पाचव्यावर. दुसरा आकडा आठातून वजा करायचा, पहिल्याला हात लावायचा नाही. (३, ७) आणि (१, ५) मिळाली. आता चार.

पहिली घडी उभी. इथे पहिला आकडा आठातून वजा करायचा, दुसरा तसाच. चार छिद्रांची आणखी चार जुळी होतात : (५, १), (७, ३), (५, ७), (७, ५). एकूण आठ.

ही आठही वहीत मांडली की चौकोनाच्या चारही बाजूंजवळ दोन-दोन छिद्रं दिसतात, कडेपासून एक घर आत. मी तिला म्हटलं, “आठ भोकं असलेली, प्रत्येक बाजूला दोन-दोन, अशी आकृती कुठल्या नंबरला आहे?” तिने लगेच सांगितली. तक्त्यात तोच नंबर होता.

तीन घड्यांतून आठ छिद्रं आली, तेव्हा दोन घड्यांतून चार आणि एकीतून दोन, असा नियम मुलं लगेच पाठ करतात. शिकवणीतही तो तसाच सांगितला जातो. नियम खरा आहे, पण त्याला दोन अटी आहेत आणि पेपर काढणारे नेमके तिथेच पकडतात. पहिली अट, छिद्र घडीच्या रेघेवर नको. वरच्याच कागदात छिद्र (२, २) वर पाडलं असतं तर ते तिरक्या रेघेवरच आलं असतं. आकड्यांची अदलाबदल करून पुन्हा (२, २) च मिळतं, म्हणजे जुळं निघतच नाही. शेवटी आठाऐवजी चारच छिद्रं. त्याचप्रमाणे रेघेवर अर्धगोल कापला असेल तर उघडल्यावर त्याचा पूर्ण गोल होतो, आणि रेघेवर पाडलेल्या त्रिकोणी खाचेचा पतंगासारखा चौकोन होतो.

दुसरी अट, दर घडीला कागद पूर्ण अर्धा व्हायला हवा. पुष्कळदा फक्त एक कोपरा दुमडलेला असतो. समजा, वरचा उजवा कोपरा कागदाच्या मध्यावर आणून दुमडला. (८, ८) हा बिंदू (४, ४) वर आला. इथे जुळं काढायची रीत थोडी वेगळी : दोन्ही आकडे बारातून वजा करायचे आणि मग अदलाबदल करायची. छिद्र (५, ५) वर असेल तर जुळं (७, ७), आणि ते कागदावरच आहे, म्हणून दोन छिद्रं. पण छिद्र (२, २) वर असेल तर जुळं (१०, १०) येतं. कागद आठ घरांचाच आहे, दहावं घर कागदाबाहेर. याचा अर्थ त्या जागी कागदाचा एकच थर होता, आणि छिद्र एकच. चित्र समोर असताना मुलं इथे गडबडतात, कारण थर नजरेने मोजावे लागतात. आकड्यांत मात्र जुळं कागदाबाहेर गेलं की ते सोडून द्यायचं, थर आपोआप मोजले जातात.

एक इशारा. सूचनेत “पारदर्शक” हा शब्द आला तर तो प्रश्न वेगळाच आहे. तिथे कागदावर आधीच नक्षी काढलेली असते आणि दुमडल्यावर दोन थरांतली नक्षी एकमेकींवर पडून कशी दिसेल हे विचारलेलं असतं. तिथे उघडायचं काही नसतं, छिद्रही नसतं. आकृती गेली की हे दोन प्रकार सारखेच भासतात आणि त्यांना वेगळं करायला तेवढा एकच शब्द उरतो.

आरसा : वळण सांगायला विसरू नका

आरशाच्या प्रश्नांत काही असे असतात की आकृती गेली तरी त्यांचं फारसं बिघडत नाही. घड्याळाचा प्रश्न घ्या : “घड्याळात ४ वाजून १० मिनिटं झाली आहेत, आरशात किती वाजलेले दिसतील?” इथे सगळं शब्दांतच आहे. आरसा डावं-उजवं उलटवतो, म्हणून १ च्या जागी ११ दिसतात, २ च्या जागी १०, आणि १२ नि ६ जागेवर राहतात. ११ वाजून ६० मिनिटांतून दिलेली वेळ वजा करायची. ११:६० वजा ४:१० म्हणजे ७:५०. वेळ बारा ते एकच्या मधली असेल तर बाराला शून्य धरायचं, म्हणजे १२:२५ चे ११:३५ होतात.

पाण्यातल्या प्रतिबिंबासाठी असाच एक नियम फिरत असतो, १८:३० मधून वजा करा असा. त्या नियमाने ४:१० चे २:२० होतात. पण प्रत्यक्षात हात फिरवून बघा. मिनिटकाटा २ वर आहे, पाण्यात तो ४ वर दिसेल, म्हणजे वीस मिनिटं. तासकाटा ४ च्या किंचित पुढे आहे, तो पाण्यात २ च्या किंचित अलीकडे दिसेल. आता २ वाजून २० मिनिटं झाली असतील तर तासकाटा २ च्या पुढे हवा, अलीकडे नव्हे. म्हणजे पाण्यात दिसतं ते कुठल्याच खऱ्या वेळेचं घड्याळ नसतं. दोन काट्यांमध्ये कायम अर्ध्या तासाचा बेबनाव राहतो, दिलेली वेळ कोणतीही असो. पेपरमध्ये उत्तर २:२० धरलं असेल तर तेच लिहावं, गुण हवेत ना. पण काटे खरे काढलेले असतील तर गोंधळायला होणारच, आणि त्यात मुलाची चूक नसते.

अक्षरांचे प्रश्नही अर्धेअधिक वाचतात. इंग्रजी मोठ्या लिपीतली ए, एच, आय, एम, ओ, टी, यू, व्ही, डब्ल्यू, एक्स आणि वाय ही अकरा अक्षरं आरशात जशीच्या तशी दिसतात, फक्त त्यांचा क्रम उलटतो. टोमॅटो हा शब्द इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिला तर त्याची सहाही अक्षरं या अकरांतलीच आहेत. आरशात तो ओ-टी-ए-एम-ओ-टी असा अगदी सुवाच्य दिसतो. पर्याय गळाले तरी उत्तर आपण स्वतः लिहू शकतो. देवनागरीत ही चैन नाही. शिरोरेघ मदत करते, पण बहुतेक अक्षरांना एका बाजूला कणा असतो, त्यामुळे जवळजवळ सगळीच उलटून परकी दिसतात. ‘ठ’ सारखं एखादं अक्षर सुटतं.

खरी पंचाईत होते ती निव्वळ आकृत्यांची. भाचीने सांगितलं, “वर्तुळ आहे, त्यात बाण, ठिपका आणि त्रिकोण.” कुठे आहेत, हे डावीकडे-उजवीकडे करत सांगताना आमच्या दोघांचंही डावं-उजवं चुकू लागलं. शेवटी वर्तुळाला घड्याळ मानायचं ठरवलं. बाण १२ वर, ठिपका २ वर, त्रिकोण ७ वर. आरसा उजव्या बाजूला उभा. वर सांगितलेलाच नियम लावला : बाण १२ वर राहिला, ठिपका १० वर गेला, त्रिकोण ५ वर.

पर्यायांत पेपर काढणारा हमखास एक सापळा ठेवतो, नुसती फिरवलेली आकृती. ती दिसायला प्रतिमेसारखी असते. तिला ओळखायची खूण अशी : घड्याळाच्या काट्याच्या दिशेने बाणापासून निघा आणि वाटेत कोण कोण भेटतं ते बोला. मूळ आकृतीत बाण, ठिपका, त्रिकोण. प्रतिमेत बाण, त्रिकोण, ठिपका. आरसा हा क्रम उलटवतो. आकृती कितीही फिरवली तरी क्रम तोच राहतो. म्हणून एखाद्या पर्यायात बाण, ठिपका, त्रिकोण असाच क्रम आला तर बाण कुठेही असो, तो पर्याय बाद.

इथवर छान जमलं, आणि तरी एक प्रश्न चुकला. तिने त्रिकोण ७ वर आहे असं सांगितलं होतं, तो आत टोक करून आहे की बाहेर टोक करून, हे सांगितलं नव्हतं. दुसऱ्या एका आकृतीत छोटा झेंडा होता. झेंडा कुठे आहे हे सांगितलं, त्याचं कापड काठीच्या कोणत्या बाजूला फडकतंय हे राहिलं. आरशात जागा बदलते तसंच प्रत्येक तुकड्याचं स्वतःचं वळणही उलटतं. आकृती शब्दांत मांडताना जागा बहुतेकांना आठवते, वळण हमखास राहून जातं. शिवाय आरसा कुठे धरलाय हे तर आधी विचारायलाच हवं. रेघ उभी की आडवी, हे आकृतीतच दाखवलेलं असतं आणि आकृतीबरोबर तेही जातं. सूचनेत नुसतं “आरशातील प्रतिमा” असेल तर आरसा उभा आणि बाजूला धरतात, पण हा रिवाज झाला, माहिती नव्हे.

मालिका : इथे पर्यायही प्रश्नाचाच भाग असतात

मालिकेला सर्वांत शेवटी हात घातला. नवोदयच्या मालिकेत तीन आकृत्या असतात आणि चौथ्या जागी प्रश्नचिन्ह. चौकोनाचे चार कोपरे आणि चार बाजूंचे मध्य अशा आठ जागांना आम्ही नंबर दिले. वरचा डावा कोपरा १, वरच्या बाजूचा मध्य २, वरचा उजवा कोपरा ३, असं घड्याळाच्या दिशेने जात डाव्या बाजूच्या मध्यावर ८. आठनंतर पुन्हा एक.

फोनवरून जे आलं ते असं. ठिपका : १, २, ४. त्रिकोण : ६, ४, २. त्रिकोण काळा, पांढरा, काळा.

आकृती हरवलेली असताना हे वर्णन मिळणं म्हणजे घबाडच. मालिकेतल्या आकृतीकडे एकदम बघितलं की डोकं गरगरतं, पण एकेक वस्तू वेगळी काढली की साधी संख्यामालिका उरते. त्रिकोणाचं सरळ आहे : दर वेळी दोन जागा मागे. दोनातून दोन गेले, शून्य, म्हणजे आठ. रंग आळीपाळीने बदलतोय, म्हणून चौथ्यात पांढरा. पांढरा त्रिकोण डाव्या बाजूच्या मध्यावर.

ठिपक्याचं काय? एकवरून दोनवर जाताना एक जागा पुढे, दोनवरून चारवर जाताना दोन जागा पुढे. आता तीन जागा पुढे जाऊन ७, असं मी म्हटलं. भाची म्हणाली, “पण मामा, दुप्पट पण होतंय. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ.”

तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. तीनच आकृत्यांवरून दोन्ही नियम बसतात. त्रिकोण आधीच ८ वर आलाय, तिथेच ठिपका आणला तर दोघांची टक्कर होईल, असा युक्तिवाद मी केला. ती म्हणाली, त्रिकोणाच्या आत ठिपका असू शकतो की. तेही खरं. माझ्याकडे याला उत्तर नव्हतं, कारण उत्तर त्या तीन आकृत्यांत नसतंच. ते चार पर्यायांत असतं. पेपर काढणारा नियम मनात धरून चार आकृत्या काढतो आणि दुसऱ्या एखाद्या नियमाने बरोबर ठरेल असा पर्याय ठेवणार नाही याची काळजी घेतो, निदान घ्यायला हवी. मालिकेचा प्रश्न “पुढे काय येईल” असा दिसतो, पण तो खरं म्हणजे “या चारांपैकी काय येईल” असा असतो.

म्हणून घडीच्या कागदाला पर्याय लागत नाहीत आणि मालिकेला लागतात. घडी कुठे पडली आणि भोक कुठे पडलं हे सांगितल्यावर तिसरं काही शक्यच नसतं. मालिकेत नियम आपण अंदाजाने शोधतो आणि आकृत्या जितक्या कमी तितके एकाहून जास्त अंदाज बसतात. मालिकेच्या प्रश्न-आकृत्या कुणी प्रामाणिकपणे शब्दांत उतरवून दिल्या, पण पर्याय गाळले, तर तो प्रश्न अजूनही अपुराच आहे. तक्त्यात “३” आहे हे कळून काही भागत नाही. तिसऱ्यात ठिपका ७ वर होता की ८ वर, हाच तर प्रश्न होता.

मैत्रिणीच्या घरी तोवर जेवणं वाढली होती, त्यामुळे पर्याय सांगायचे राहून फोन ठेवावा लागला. दुसऱ्या दिवशी भाचीने त्या पानाचा फोटो पाठवला. चारही पर्यायांत त्रिकोण ८ वर होता, दोनांत काळा, दोनांत पांढरा. ठिपका दोनांत ७ वर होता, एकात ५ वर, एकात ६ वर. आठवर एकातही नव्हता. फोटोखाली तिने लिहिलं होतं, “तू बरोबर. पण माझं पण चूक नव्हतं.”